जुलाब थांबले, तरी झिंक कशाला?

“ताई, जुलाब तर दोन दिवसांत थांबले. मग उरलेल्या झिंकच्या गोळ्या पुढे कशाला द्यायच्या?”

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. जलसंजीवनी म्हणजे ओआरएस अंगातून गेलेलं पाणी आणि क्षार भरून काढते. जुलाबातून झिंकही वाहून जातं, ते ओआरएसनं भरून येत नाही. आतड्याचं दुखावलेलं अस्तर सांधायला झिंक लागतं. पूर्ण कोर्स झाला तर आजार लवकर आवरतो आणि पुढचे दोन-तीन महिने पुन्हा जुलाब लागायची शक्यताही कमी होते. हा दुसरा फायदा डोळ्यांना दिसत नाही, म्हणून गोळ्या फडताळात राहतात.

परवाचंच बघा. नऊ महिन्यांची मुलगी, ३ जुलैला झिंक सुरू केलं. सहा महिन्यांपुढच्या बाळाला रोज २० मिलिग्रॅमची एक गोळी, १४ दिवस. म्हणून कार्डावर ‘शेवटची गोळी १६ जुलै’ असंही तेव्हाच लिहून ठेवलं. दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला अर्धीच, म्हणजे १० मिलिग्रॅम, आणि ती चमच्यात काढलेल्या आईच्या दुधात विरघळवून. मोठ्याला स्वच्छ पाणी चालतं. ८ तारखेच्या दुपारी गेले, तर १४ पैकी ११ गोळ्या शिल्लक. सहा संपायला हव्या होत्या, संपल्या तीन. आई म्हणाली, “पाचलाच शी घट्ट झाली.” चुकलेल्या दिवसांच्या गोळ्या एकदम द्यायच्या नाहीत. रोज एक याच हिशेबानं उरलेल्या द्यायला सांगितल्या आणि कार्डावरची तारीख १८ केली. गोळीची चव तुरट, धातूसारखी, त्यामुळे काही बाळं ओकतात. अर्ध्या तासाच्या आत ओकलं तर तेवढीच पुन्हा द्यावी.

त्याच कार्डावर मी खाण्याचीही नोंद करते, कारण सासूबाईंचा ‘पोटाला आराम द्या’ हा सल्ला गोळी विसरण्याइतकाच नडतो. अंगावरचं दूध चालूच, उलट जास्त वेळा. या मुलीला मऊ खिचडी, वर थोडं तेल, कुस्करलेलं केळं, थोडं थोडं करून. जुलाब थांबल्यावर दोन आठवडे रोज एक जेवण जादा.

ओआरएसची पूर्ण पुडी, पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात. मोठ्या पुडीला एक लिटर. अर्धी पुडी अंदाजानं कालवू नका. दोन वर्षांच्या आतल्या बाळाला प्रत्येक पातळ शीनंतर पाव ते अर्धा कप, चमच्याचमच्यानं. ओकलं तर दहा मिनिटं थांबून पुन्हा, आणखी सावकाश. केलेलं पाणी चोवीस तासांनी ओतून द्या.

शीत रक्त दिसलं, डोळे खोल गेले, बाळ पीतच नाही किंवा सुस्त पडून राहतं, तर माझी वाट बघू नका, गाडी काढा. आणि बाळ दोन महिन्यांच्या आतलं असेल, तर झिंकचा विचारही न करता आधी दवाखाना.