दूध तोडलेल्या वासरांचा कप्पा: माझा अनुभव

आठ वासरांचं दूध तोडलं आणि त्याच दिवशी ती मोठ्या सामाईक कप्प्यात सोडली. अठराव्या दिवशी दोघांना रक्ताची हगवण लागली. शेपटी माखलेली, शेण पडत नसलं तरी कुंथणं चालूच. तपासणीत कॉक्सिडिओसिस, म्हणजे आतड्यातल्या कॉक्सिडिया या परोपजीवीमुळे होणारा आजार, निघाला. पशुवैद्यकांच्या सल्ल्याने औषध सुरू केलं. पण माझं लक्ष त्या अठरा दिवसांवर होतं. हा परोपजीवी पोटात गेल्यापासून हगवण लागेपर्यंत साधारण अडीच-तीन आठवडे जातात. म्हणजे लागण कप्प्यात शिरताच झाली होती.

कप्पा 'धुतलेला' होता, तोही जोराच्या फवाऱ्याने. त्यातच घोळ होता. शेण निघालं नाही, उडून भिंतींना चिकटलं, आणि ओल्या फरशीवर लगेच भुसा पसरला. या परोपजीवीची अंडी ओलावा आणि ऊब मिळाली की काही दिवसांत लागण करण्याजोगी होतात. ब्लीचसारख्या नेहमीच्या जंतुनाशकाने ती मरत नाहीत. जी औषधं चालतात त्यांच्या लेबलवर कॉक्सिडियाचा स्पष्ट उल्लेख असतो.

पुढच्या तुकडीच्या वेळी क्रम बदलला. आधी सगळं कोरडं खरवडून काढलं. मग कमी दाबाच्या पाण्याने भिजवून, साबणाचं द्रावण लावून ब्रशने घासलं. कोपरे आणि गव्हाणीचा तळ तर दोनदा. पाणी निथळून फरशी पूर्ण वाळल्यावरच औषध मारलं, कारण शेणाच्या थरावर ते वाया जातं आणि साचलेल्या पाण्यात पातळ होतं. त्यानंतर कप्पा आठवडाभर रिकामा आणि उघडा ठेवला. सर्वांत जास्त उपयोग या वाळवण्याचाच, असं माझं मत.

दुसरी चूक वासरांच्या बाजूची होती: दूध तुटणं, जागा बदलणं आणि अनोळखी सोबती, तिन्ही ताण एकाच दिवशी. आता वासरू सलग तीन दिवस रोज किलोभर खुराक खाऊ लागलं की दूध हळूहळू कमी करत तोडतो, आणि नंतर दहा दिवस त्याला जुन्याच जागी ठेवतो. गट आठाचाच, पण वयात दोन-तीन आठवड्यांहून जास्त अंतर नाही. एका वासराला तीन चौरस मीटर धरून चार बाय सहा मीटरचा कप्पा पुरतो. भरल्यावर मध्येच नवं वासरू घालत नाही. मोठी वासरं स्वतः धडधाकट दिसूनही अंडी टाकत असतात.

गव्हाण आणि पाण्याचं भांडं शेपटीखाली येणार नाही इतकं उंच लावलं आहे. अंथरुणाची परीक्षा सोपी: वीस सेकंद गुडघे टेकायचे. कापड ओलं झालं तर भुसा बदलायचा. वरून नवा थर टाकला की कप्पा कोरडा दिसतो, पण खालची ओल तशीच राहते, आणि वासरू बसलं की ती वर येते.