आमची वाटचाल : लेथ, उचल आणि एक पानाचा अर्ज

शॉप सुरू केलं तेव्हा एक सेकंडहँड लेथ, एक व्हर्निअर आणि आम्ही दोघं पार्टनर. त्या लेथच्या क्रॉस स्लाइडला इतका बॅकलॅश होता की डायल फिरायचा आणि टूल जागचं हलायचं नाही, तरी त्याच्यावरच आम्ही फिटिंगचे जॉब काढले. मधली वर्षं बरी गेली, त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. सांगायचंय ते आम्ही बुडता बुडता राहिलो त्या वर्षाबद्दल.

तेव्हा उचल म्हणजे तोंडी कारभार. कोणी मागितली की खिशातून काढून द्यायची आणि वहीत नाव टाकायचं. आमच्या शेजारच्या शॉपवाल्याने आमचे दोन फिटर फोडले आणि जाताना दोघांच्याही उचली अंगावर. एक म्हणाला निम्मी फेडली, आमची वही म्हणते काहीच नाही, सही कोणाचीच नाही. तो शॉपवाला आजही समोर आला की हसतो, मला अजून राग येतो. त्याच महिन्यात एका मोठ्या गिऱ्हाइकाचं पेमेंट अडकलं, आणि मी जाहीर केलं की यापुढे उचल बंद.

आणि आठवड्याभरात आमच्या टर्नरचा अर्ज आला. बायकोचं तातडीचं ऑपरेशन झालेलं. अर्ज माझ्या नावे नव्हता, मॅनेजर बाईंच्या नावे होता, त्यांनी तो माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाल्या, "साहेब, नाही म्हणायच्या आधी वाचा तरी."

रडगाणं नव्हतं त्यात. बिल सहा पगारांचं, चार पगार विम्याने कॅशलेस भरले, अर्धा पगार स्वतःजवळचा, म्हणजे हवे दीड पगार. सोबत डिस्चार्ज कार्ड, फायनल बिल आणि विम्याचं मंजुरीपत्र. खाली लिहिलेलं : "दर महिना हातात येणाऱ्या पगारातून पंधरा टक्के कापावेत, दहा हप्ते. पहिले दोन महिने कापू नयेत, कारण माझी बिनपगारी रजा पडणार आहे. नोकरी सोडली तर बाकी रक्कम हिशेबातून वळती करावी. नंतरच्या औषधांचा क्लेम मिळाला की तो इथेच भरेन."

मी म्हटलं दहा महिने फार होतात, सहा हप्ते कर, दर वेळी पाव पगार. तो म्हणाला, "पाव पगार कापलात तर तिसऱ्या महिन्यात मी परत उचल मागायला येईन साहेब, घरभाडं, शाळा, औषधं भागवून माझ्याकडे जेमतेम पाचवा हिस्सा उरतो, त्यात थोडं हाताशी ठेवलंच पाहिजे." यावर मला बोलायला काही उरलं नाही, कारण उचलीवर उचल चढलेली माणसंच आमच्याकडून पळाली होती.

पैसे बँकेतून दिले, रोख नाही, आणि ट्रान्सफरमध्ये "पगार उचल" असं लिहिलं. खर्चात नाही टाकायचं, कर्मचाऱ्याकडून येणं म्हणून वेगळं खातं (हे कोणी विचारलं नाही, पण लिहून ठेवा, वर्षअखेरीला हिशेब जुळत नाही तो इथेच). पगारपत्रकावर दर महिन्याला कापलेला हप्ता आणि उरलेली बाकी, दोन्ही छापायचं, मग वहीवरून भांडण होत नाही.

घोळ झालाच एक. पाचव्या महिन्यात बायकोच्या तपासण्यांमुळे त्याचे सात खाडे झाले, पगार कमी आला, आणि आम्ही हप्ता मात्र पूर्ण पगाराच्या पंधरा टक्क्यांनीच कापला. तो पगाराची स्लिप घेऊन बाईंकडे उभा. चूक अर्जाची नाही, आमची, हप्ता कुठल्या रकमेवर ते मंजुरीत आम्ही लिहिलंच नव्हतं. जास्त कापलेलं परत केलं आणि एक ओळ वाढवली : पाचपेक्षा जास्त खाडे असतील त्या महिन्यात अर्धा हप्ता, उरलेला अर्धा शेवटी. पुढे क्लेमचे पैसे आले, ते दोन हप्त्यांएवढे भरले, आणि दहाऐवजी सात पूर्ण हप्ते, त्या महिन्याचा अर्धा आणि शेवटी तो उरलेला अर्धा, एवढ्यात खातं बंद.

पण मोठी गंमत वेगळीच. दरम्यान माझ्याकडेच बार स्टॉक घ्यायला पैसे नव्हते, आणि पहिल्या दिवसापासून आमच्याकडेच काम देणारे एक काका आहेत, त्यांच्याकडे ॲडव्हान्स मागायचा होता. दोन दिवस पत्र जमेना. शेवटी टर्नरचा अर्ज समोर ठेवला आणि तसंच लिहिलं : किती हवे, कशाला, माझ्याजवळ किती आहेत, आणि पुढच्या चार बिलांतून कसे वळते होतील.

काकांनी पत्र परत पाठवलं, चारवर काट मारून वर पेनाने "आठ" लिहिलेलं आणि शेजारी बारीक अक्षरात, "पहिल्या बिलातून कापू नकोस, आधी मटेरियल आण."