बंद कनेक्टर, भरलेली डिस्क

रविवारी रात्री ८:०४ ला ऑर्डर घेणारा आमचा मुख्य डेटाबेस बंद पडला आणि ८:५३ ला पुन्हा चालू झाला. क्लाउडवरचा मॅनेज्ड पोस्टग्रेस, आवृत्ती १४. डिस्क ५०० जीबीची, त्यातली सुमारे २९० जीबी वापरात. कमिट झालेला एकही व्यवहार हरवला नाही. पण त्या ४९ मिनिटांत एकही ऑर्डर नोंदली गेली नाही. पोस्टमॉर्टेम अहवाल लिहायचं काम माझ्याकडे आलं.

घटनेची सुरुवात शुक्रवारी संध्याकाळी ६ वाजताची, म्हणजे डेटाबेस पडण्याच्या पन्नास तास आधीची आहे. रिपोर्टिंगसाठी डेटाबेसमधले बदल वाचून वेअरहाउसकडे पाठवणारा एक कनेक्टर आहे. त्याचं कॉन्फिगरेशन बदलायचं होतं, म्हणून तो ठरल्याप्रमाणे थांबवला गेला आणि उरलेलं काम सोमवारवर गेलं. कनेक्टर थांबला, तरी डेटाबेसमधला त्याचा रेप्लिकेशन स्लॉट तसाच राहिला. स्लॉटचं कामच हे, की वाचणाऱ्याने अजून न वाचलेला वॉल (प्रत्येक बदलाची आधी नोंद होते तो लॉग) पुसू द्यायचा नाही. वाचणारा परत येईल का, कधी येईल, हे पोस्टग्रेस विचारत नाही. `max_slot_wal_keep_size` ची मूळ किंमत -1 आहे, म्हणजे कितीही साठू दे.

आमच्याकडे सरासरी तासाला ४.२ जीबी वॉल तयार होतो आणि डिस्कवर २१० जीबी मोकळी होती. भागाकार केला तर बरोबर पन्नास तास येतात. हा भागाकार शुक्रवारी करायला लावणारी एकही गोष्ट आमच्या व्यवस्थेत नव्हती. मूळ कारण मी तेच मानतो.

अहवालाच्या पहिल्या मसुद्यात एक वाक्य होतं: ‘कनेक्टर थांबवताना स्लॉट काढायचा राहून गेला.’ वाक्य खोटं नाही, पण त्याने पुढचे प्रश्न बंद होतात. कनेक्टर थांबवण्याच्या आमच्या लिखित सूचनांमध्ये स्लॉटचा उल्लेखच नव्हता, आणि कनेक्टरच्या स्क्रीनवर डेटाबेसची डिस्क दिसत नाही. त्या जागी कोणीही असतं तरी हेच झालं असतं. म्हणून वाक्य बदललं: ‘कनेक्टर थांबल्यावर वॉल साठत राहतो ही माहिती, कनेक्टर चालवणाऱ्यापर्यंत पोचण्याची सोय नव्हती.’ आता उपाय कुठे करायचा ते दिसतं.

रविवारी सकाळी ८ च्या सुमाराला मोकळी जागा १० टक्क्यांखाली गेली आणि इशारा निघाला. तो फक्त मेलवर गेला, कोणाचा फोन वाजला नाही. पूर्वी तो फोनवर येत असे. रात्रीच्या बॅचमुळे जागा थोडा वेळ कमी व्हायची आणि सकाळपर्यंत परत मिळायची, त्यामुळे लोकांची विनाकारण झोपमोड होई. म्हणून त्याची पातळी उतरवली गेली होती आणि त्या वेळी तो निर्णय रास्तच होता. खोट इशाऱ्याच्या मापात होती: किती टक्के उरले यापेक्षा या वेगाने किती तास उरले, हे मोजायला हवं होतं. सेवेतली डिस्क आपोआप वाढवण्याची सोयही चालू होती, पण खर्च आवरायला तिची कमाल मर्यादा ५०० जीबीच ठेवलेली. म्हणजे सोय कागदावरच.

८:०६ ला ऑनकॉल इंजिनिअरला पहिला फोन गेला. ॲप्लिकेशनच्या लॉगमध्ये फक्त कनेक्शन मिळत नसल्याचं दिसत होतं, त्यामुळे आधी नेटवर्क तपासलं गेलं. ८:१९ ला स्टँडबायवर फेलओव्हर केला. त्यात सहा मिनिटं गेली आणि उपयोग शून्य, कारण या रचनेत स्टँडबाय म्हणजे डिस्कची ब्लॉकनिहाय नक्कल. मूळ डिस्क भरली की नक्कलही तितकीच भरलेली. आमच्या सूचनांमध्ये ‘डेटाबेस प्रतिसाद देत नसेल तर फेलओव्हर करा’ असंच लिहिलं होतं, त्याआधी जागा तपासायचं नव्हतं. ८:२९ ला डेटाबेसचा स्वतःचा लॉग उघडला, तेव्हा उलगडा झाला:

```
PANIC:  could not write to file "pg_wal/xlogtemp.2817": No space left on device
```

वॉल लिहिता आला नाही की पोस्टग्रेस स्वतःहून बंद होतो. पुन्हा उठताना रिकव्हरीलाही थोडी जागा लागते, म्हणून नुसतं रीस्टार्ट करून भागत नाही. स्वतःच्या सर्व्हरवर असाल, तर अशा वेळी `pg_wal` मधल्या फाइली हाताने उडवायचा मोह होतो. तो टाळावा. रिकव्हरीला लागणारी फाइल त्यात गेली, तर डेटाबेस उठणारच नाही. आम्ही ८:३१ ला डिस्क ७०० जीबी करायला सांगितली. ८:४९ ला ती मिळाली आणि चार मिनिटांत डेटाबेस कनेक्शन घेऊ लागला.

जागा कोणी खाल्ली, हे पुढच्या क्वेरीने दाखवलं:

```sql
SELECT slot_name, active, wal_status,
       pg_size_pretty(pg_wal_lsn_diff(
         pg_current_wal_lsn(), restart_lsn)) AS retained
FROM pg_replication_slots;
```

एकच स्लॉट, `active` खाली `f`, आणि मागे धरून ठेवलेला वॉल २११ जीबी.

स्लॉट तेव्हाच काढून टाकावा, असं एक मत होतं. ते केलं नाही. वाढीव जागेमुळे जवळजवळ दोन दिवस हातात होते, आणि काढलेला स्लॉट परत आणता येत नाही; वेअरहाउससाठी सगळी टेबलं नव्याने वाचावी लागली असती. सोमवारी सकाळी कनेक्टर जुन्याच कॉन्फिगरेशनवर चालू केला. पाच तासांत त्याने साठलेलं सगळं वाचलं आणि पुढच्या चेकपॉइंटांमध्ये जागा मोकळी झाली.

पुढच्या कामांच्या यादीतून ‘अधिक काळजी घेणे’ आणि ‘टीमला प्रशिक्षण’ हे दोन मुद्दे मी काढले, कारण ते पूर्ण झाले की नाही हे तपासता येत नाही. सगळ्यात मोठा वाद `max_slot_wal_keep_size` वर झाला. ते १०० जीबी केलं, तर मर्यादा ओलांडल्यावर स्लॉट `lost` होतो आणि रिपोर्टिंगला पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. रिपोर्टिंग टीमला हे साहजिकच रुचलं नाही. पण रिपोर्ट अडले तर ऑर्डर चालू राहतात, उलट होत नाही; शेवटी १०० जीबीच ठरले. हे सेटिंग रीस्टार्टशिवाय लागू होतं. मर्यादा चेकपॉइंटच्या वेळी तपासली जाते, त्यामुळे मधल्या काळात वॉल थोडा वर जाऊ शकतो. तेवढी जागा हिशेबात धरावी.

४० जीबी वॉल अडकला की आता फोन वाजतो, म्हणजे साधारण साडेनऊ तासांत. स्लॉट निष्क्रिय आहे का एवढंच बघणारा इशारा पुरला नसता. कनेक्टर जोडलेला असूनही त्याच्या टेबलांत काही बदलत नसेल आणि बाकीची टेबलं जोरात लिहिली जात असतील, तर `active` खाली `t` दिसतं आणि वॉल साठतच राहतो. लांबलेला ट्रान्झॅक्शनही हेच करतो. म्हणून मोजायचे ते अडकलेले जीबी. चाचणीच्या डेटाबेसवर कनेक्टर मुद्दाम थांबवला आणि फोन खरोखर वाजल्यावरच हे काम पूर्ण धरलं. फेलओव्हरच्या सूचनांमध्ये डिस्कची जागा बघणं ही पहिली पायरी झाली.

एक काम अजून उघडं आहे. या सेवेत डिस्क वाढवता येते, कमी करता येत नाही, त्यामुळे ७०० जीबीचं बिल चालूच आहे. परत ५०० वर यायचं तर नवा डेटाबेस उभारून लॉजिकल रेप्लिकेशनने डेटा हलवावा लागेल, आणि त्यालाही एक रेप्लिकेशन स्लॉट लागतो. हलवण्याचं वेळापत्रक ठरवताना तो स्लॉट कोण, कधी काढणार हे आधी लिहून घेतलं आहे.