आमची वाटचाल : दर, कर आणि एकूण देय रक्कम

नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीत आमचा कोरुगेटेड खोक्यांचा छोटा कारखाना आहे. आरंभीची काही वर्षे आमचे बहुतेक ग्राहक आसपासचे कारखानेच होते. त्यांच्या खरेदी विभागातील माणसाला 'बेसिक रेट' म्हटले की कर वेगळा हे सांगावे लागत नाही. तो स्वतःच विचारतो की कर किती टक्के आणि वाहतूक कोणाकडे. अशा ग्राहकाला आम्ही लावलेल्या कराची वजावट त्याने स्वतः भरायच्या करातून मिळते, त्यामुळे कर हा त्याच्या दृष्टीने खर्च नसून काही दिवस अडकलेले पैसे असतात. आमच्या कोटेशनची भाषा या ग्राहकावर घडली होती आणि त्याच्यासाठी ती पुरेशीही होती.

पुढे घरगुती उद्योग करणाऱ्यांच्या मागण्या येऊ लागल्या : फराळाचे पार्सल पाठवणारे, मसाले आणि लोणची विकणारे, द्राक्षे व बेदाणे थेट गिऱ्हाइकाला देणारे शेतकरी. यांच्यापैकी अनेकांची जीएसटी नोंदणी नसते, काही जण छोट्या व्यावसायिकांना उलाढालीवर ठरावीक दराने कर भरू देणाऱ्या कंपोझिशन योजनेत असतात. दोघांनाही आमच्या बिलावरील कराची वजावट घेता येत नाही, म्हणजे तो कर त्यांच्यासाठी खोक्याच्या किमतीचाच भाग असतो. शिवाय त्यांचा रोजचा व्यवहार छापील किमतीशी असतो. त्यांच्या स्वतःच्या पाकिटावर 'कमाल किरकोळ किंमत, सर्व करांसहित' असे लिहिलेले असते. ज्याने वर्षानुवर्षे किमतीत कर धरूनच विक्री केली, त्याने 'एकवीस रुपये' हा आकडा ऐकून तोच शेवटचा मानला तर त्यात गैर काहीच नाही. कारखान्याशी बोलताना जे गृहीत धरले जाते, त्याच्या नेमके उलटे इथे गृहीत धरलेले असते.

ऑगस्ट २०२४ मधील एक मागणी इथे तपशिलाने सांगतो, कारण अशा प्रसंगी काय लिहावे आणि काय लिहू नये हे आमच्याकडे त्या मागणीपासून ठरले. सिन्नर भागातील एक ताई दिवाळीचा फराळ राज्यभर पार्सलने पाठवतात. त्यांना पाच पदरी, दुरंगी छपाईची २,००० खोकी हवी होती. दूरध्वनीवर दर ठरला २१ रुपये. त्याच संध्याकाळी त्यांना कोटेशन गेले. त्यात दर २१ रुपये, कारखान्यातून उचल, जीएसटी वेगळा, निम्मी रक्कम आगाऊ, असे लिहिले होते. खोक्यांवरचा कर जुलै २०२४ च्या मध्यास १८ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आलेला होता.

दुसऱ्या दिवशी ताईंनी आगाऊ रक्कम पाठवली : २१,००० रुपये. आमच्या हिशेबाने निम्मी रक्कम २३,५२० रुपये होत होती. हा फरक पाहताच त्या कर धरूनच एकवीसचा हिशेब करत आहेत हे कळले. ही खूण सहसा चुकत नाही. आगाऊ रक्कम करपूर्व बेरजेची बरोबर निम्मी येते, किंवा खरेदी आदेशात दर आणि नगसंख्या यांचा नुसता गुणाकार लिहिलेला असतो, किंवा आदेशावर जीएसटी क्रमांकाची जागा रिकामी असते. कधीकधी 'नेट रेट' असा शब्द येतो. तो तर थांबून विचारावाच, कारण एकाच्या मनात त्याचा अर्थ सूट वजा जाता दर असा असतो आणि दुसऱ्याच्या मनात सगळे धरून दर.

छपाईचे स्टिरिओ, म्हणजे खोक्यावर मजकूर उमटवणारे ठसे, त्या दिवशी बनवायला जाणार होते. ते आम्ही थांबवले. खुलासा करायचा तो ग्राहकाचा हात मोकळा असतानाच करायला हवा. स्टिरिओ बनले, कागद कापला गेला आणि मग कराचा विषय निघाला, तर आपण कितीही नम्रपणे सांगितले तरी ग्राहकाला ती अडवणूकच वाटते, आणि खरे तर ती तशी असतेही. त्याहून वाईट म्हणजे बिलासोबत खुलासा करणे. ग्राहक ४२,००० देऊन मोकळा होतो, आपल्या खात्यात ५,०४० रुपये येणे दिसत राहतात, आणि पैसे आले असोत वा नसोत, दरमहा विवरण भरणाऱ्याला बिलावरचा कर पुढच्या महिन्याच्या वीस तारखेपर्यंत भरावाच लागतो.

आधी दूरध्वनी केला. कराचा विषय थेट लेखी पाठवला की त्याला नोटिशीचा वास येतो. बोलताना पहिले वाक्य रक्कम मिळाल्याचे, दुसरे आपल्या थांबण्याचे आणि तिसरे आकड्याचे, एवढा क्रम ठेवला. "ताई, आपले एकवीस हजार मिळाले. छपाईचे काम सुरू करण्याआधी एकूण रकमेचा एकदा मेळ घालून घेऊ या, म्हणून थांबलो आहे. एकवीस हा दर करापूर्वीचा आहे. कर धरून खोके तेवीस रुपये बावन्न पैशांना पडेल." त्या क्षणभर गप्प झाल्या आणि म्हणाल्या, "मग तुम्ही एकवीस का सांगितलेत?"

या प्रश्नाला दोन उत्तरे जिभेवर येतात आणि दोन्ही टाळावीत. 'कोटेशनमध्ये स्पष्ट लिहिले होते' हे खरे असले तरी त्याचा अर्थ 'आपण वाचले नाही' असा होतो. 'सगळे असेच सांगतात' यातून तर आपणही त्या सगळ्यांपैकीच एक असल्याचे ग्राहकाला कळते. आम्ही कारण सांगितले : खोक्यांवरचा कर सरकार बदलत असते, ऑक्टोबर २०२१ मध्ये तो १२ चा १८ झाला आणि आता पुन्हा १२ वर आला, आमचा दर कागदाच्या भावावर ठरतो, कर कायद्यावर, म्हणून दोन्ही वेगळे ठेवतो. आणि लगेच विचारले की त्यांची नोंदणी कोणत्या प्रकारची आहे. कंपोझिशन, असे उत्तर आले. म्हणजे वजावट नाही. मग 'कर तर तुम्हाला परत मिळतोच' हे कारखानदारांना सांगायचे ठरीव वाक्य इथे उपयोगाचे नव्हते. ते बोललो असतो तर ती खरी फसवणूक झाली असती.

त्यानंतर तासाभरात पुढील पत्र पाठवले :

"सप्रेम नमस्कार. आपल्याशी झालेल्या बोलण्यानुसार हिशेब कळवत आहे. आपल्याला सांगितलेला प्रति खोके २१ रुपये हा दर कायम आहे. २,००० खोक्यांचे ४२,००० रुपये होतात. त्यावर १२ टक्के जीएसटी ५,०४० रुपये असून तो आम्ही शासनाकडे भरतो. एकूण देय रक्कम ४७,०४० रुपये, म्हणजे कर धरून प्रति खोके २३.५२ रुपये. आपण एकूण खर्चाचा अंदाज २१ रुपयांवर बांधला असल्यास नगसंख्या किंवा छपाई यांत बदल करून तो साधता येईल का, हे आपण मिळून पाहू. आपल्याला मागणी रद्द करावीशी वाटल्यास पाठवलेली रक्कम त्याच दिवशी पूर्ण परत करू. आपला होकार येईपर्यंत काम सुरू केलेले नाही."

या पत्रात 'गैरसमज' हा शब्द मुद्दाम वापरलेला नाही. गैरसमज म्हटले की तो कोणाचा, हा प्रश्न येतोच. 'क्षमस्व'ही नाही, कारण कर लावल्याबद्दल क्षमा मागितली की कर हा आपल्या मर्जीचा विषय वाटू लागतो आणि पुढचे वाक्य 'मग तो सोडा' असे येते. दर कायम आहे हे मात्र आकड्यांच्या आधी सांगितले, कारण ग्राहकाची पहिली भीती कराची नसते. बोललेला शब्द फिरवला जातो आहे की काय, ही असते. परतीचे आश्वासन केवळ शिष्टाचाराचे नव्हते. त्यांनी रक्कम मागितली असती तर ती गेली असती.

दुसऱ्या एका पुरवठादाराने त्यांना 'सगळे मिळून तेवीस' सांगितले होते. ताईंनी तोपर्यंत त्याची तुलना आमच्या एकवीसशी केली होती. आता ती तेवीस बावन्नशी झाली. तेव्हा त्यांनी विचारले, कराचे तुमच्या दरातच बसवता येणार नाही का? हा प्रश्न पुष्कळ ग्राहक विचारतात आणि संकोचापोटी 'बरं' म्हणण्याचा मोह होतो. हिशेब असा की २१ रुपये करासह धरले तर कर काढताना २१ च्या १२ टक्के वजा होत नाहीत. २१ ला १२ ने गुणून ११२ ने भागायचे. कर २ रुपये २५ पैसे येतो आणि आमच्या हाती १८ रुपये ७५ पैसे उरतात. या खोक्यात आमचा नफा तेवढा नव्हताच. शिवाय कराएवढी सूट लगेच दिली, तर आधीच्या दरात तेवढी हवा भरलेली होती असाच निष्कर्ष ग्राहक काढणार, आणि ज्या शंकेपासून आपण त्याला दूर ठेवू पाहतो तीच पक्की होणार. म्हणून दरात सूट न देता कामात बदल सुचवला.

पाच पदरीचे तीन पदरी करणे हा सर्वांत स्वस्त मार्ग होता, पण पाच किलो फराळ त्यात पार्सलने पाठवला तर रचलेल्या थरातली खालची खोकी दबतात, तेव्हा तो सल्ला दिला नाही. दुरंगीऐवजी एकरंगी छपाई केल्यास दर ६० पैशांनी उतरत होता आणि एक स्टिरिओही वाचत होता. ताईंनी स्वतः नगसंख्या १,८०० वर आणली. २० रुपये ४० पैशांनी ३६,७२० रुपये, त्यावर कर ४,४०६ रुपये ४० पैसे, एकूण ४१,१२६ रुपये ४० पैसे. त्यांनी मनाशी धरलेल्या ४२,००० मध्ये काम बसले. तेवीस सांगणाऱ्याकडे त्या का गेल्या नाहीत हे आम्ही विचारले नाही. बोलण्यातून एवढेच कळले की त्याचे बिल कोणत्या नावाने आणि कसे मिळेल याचे उत्तर त्यांना मिळाले नव्हते.

त्यानंतर आमचे कोटेशन बदलत गेले. नोंदणी नसलेल्या किंवा कंपोझिशनमधील ग्राहकाला आम्ही दूरध्वनीवरच दोन आकडे सांगतो, आधी दर आणि त्याच श्वासात करासह पडणारी रक्कम. कागदावरही प्रत्येक ओळीत दर, कर आणि देय रक्कम असे तीन रकाने असतात आणि देय रक्कम ठळक असते. आगाऊ रकमेचा आकडा टक्क्यांत न लिहिता रुपयांत लिहितो, म्हणजे हिशेब ग्राहकावर सोपवला जात नाही. खाली एकच टीप असते : कर बिलाच्या दिवशी लागू असलेल्या दराने आकारला जाईल.

त्या टिपेचा उपयोग पुढच्याच वर्षी झाला. २२ सप्टेंबर २०२५ पासून कोरुगेटेड खोक्यांवरचा कर १२ वरून ५ टक्के झाला. त्याआधी दिलेली काही कोटेशने हाती होती, ज्यांचा माल आणि बिल दोन्ही नंतरचे होते. त्या सर्वांना आम्ही आपणहून नवी देय रक्कम कळवली. ताईंची मागणी त्यांत होती. या खेपेला त्यांना दुरंगी छपाई आणि पूर्ण २,००० खोकी हवी होती, दर २१ रुपयेच होता, आणि कोटेशनमधील ४७,०४० च्या जागी ४४,१०० रुपये आले. त्यांनी फरकाच्या पैशांत आतल्या कप्प्यांचे पुठ्ठे बसतील का असे विचारले. ते पुठ्ठे करासह किती पडतील ते आम्ही कळवले आणि त्यांनी निम्म्या खोक्यांसाठी घेतले.