नावातही गौडा, आडनावातही पाटील

निपाणी-चिकोडीकडच्या एखाद्या जुन्या घराच्या पाटीवर अमुकगौडा तमुकगौडा पाटील असं नाव दिसलं, की तिथे एकच हुद्दा तीनदा लिहिलेला असतो. मराठीतला पाटील तोच कानडीतला गौडा. पाटलाचं मूळ जुन्या लेखांतल्या ‘पट्टकिल’ शब्दात सापडतं, गौडाचं कानडी शिलालेखांतल्या ‘गावुंड’मध्ये. वेदगंगा-दूधगंगेच्या संगमावरच्या भोज गावचे सातगौडा पाटील पुढे जैन मुनी झाले आणि आचार्य शांतिसागर म्हणून ओळखले गेले. त्यांच्या वडिलांचं नाव भीमगौडा पाटील. कानडीतला हुद्दा नावाला चिकटला आणि मराठीतला आडनावाला. त्यामुळे पाटील म्हटल्यावर घरात मराठी बोलतात की कानडी, किंवा घर मराठ्याचं, लिंगायताचं की जैनाचं, हे या भागात तरी सांगता येत नाही.

गावाला काम करणारा मुलकी पाटील बहुधा एक असायचा. मग एका गावात पाटलांची तीस-चाळीस घरं कुठून आली? कारण पाटीलकी हे वतन होतं, आणि वतन सगळ्या भाऊबंदांचं. सारा गोळा करायचं काम एकजण करी, पण जमिनीत, मानपानात आणि पोळ्याला कुणाचा बैल पुढे जायचा यात वाटा सगळ्यांचा. ज्याच्या हातात दप्तर कधीच आलं नाही, तोही पाटीलच म्हणवून घेई, आणि त्याचं काही चुकत नव्हतं.

घोटाळा होतो तो विकलेल्या वतनात. समजा, अडचणीतल्या एका घराण्याने निम्मी पाटीलकी दुसऱ्याला विकली. आठ आणे इकडे, आठ आणे तिकडे. पुढे मूळ घराण्यात तीन भाऊ वेगळे झाले, तर प्रत्येकाच्या वाट्याला दोन आणे आठ पै येतात. शंभर वर्षांनी गावात पाटीलकीच्या चार तक्षिमा, म्हणजे वाटेकरी शाखा, दिसतात आणि चारही एकाच बापाची लेकरं असावीत असं वाटतं, पण चौथीचं रक्तच वेगळं. ती ओळखायची खूण आणेवारीत आहे. सख्ख्या भावांच्या वाटण्या साधारण सारख्या असतात; मधेच एकाकडे सरळ आठ आणे निघाले, तर खरेदीखत किंवा दत्तकपत्र शोधावं. पुढे १८७४ च्या वतन कायद्याने वतन घराण्याबाहेर जाऊ देण्याला आळा घातला, म्हणून असे व्यवहार बहुतेक त्याआधीचे. त्याच कायद्याखाली कोणत्या शाखेने काम करायचं हे नोंदवलं गेलं, आणि ती नोंद म्हणजे शोधणाऱ्याला आयता वंशवृक्ष.

मोडी कागद हाती आला तर अक्षर लागलं नाही तरी निशाणी पाहावी. पाटलाची निशाणी नांगर, कुलकर्ण्याची लेखणी. आजोबा पाटील होते असं घरात सांगतात आणि कागदावर त्यांच्या नावापुढे नांगर नाही, तर ते नुसते साक्षीदार किंवा भाऊबंद असू शकतात.

ही वतनं संपली कशी, तेही सीमाभागाला शोभेल असंच. बेळगाव १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होतं, त्यामुळे इथली कुलकर्णी वतनं मुंबईच्या १९५० च्या कायद्याने गेली. पाटीलकी मात्र टिकली, हा भाग म्हैसूर राज्यात गेला आणि मग ती म्हैसूरच्या कायद्याने १ फेब्रुवारी १९६३ ला संपली. म्हणजे एकाच चावडीत बसणाऱ्या दोघांना दोन राज्यांनी घरी पाठवलं. पलीकडे महाराष्ट्रात मुलकी पाटलांचं पद महिनाभर आधी, १ जानेवारीला गेलं होतं. पण पोलीस पाटील तिथे आजही नेमला जातो. कागलकडच्या गावांत पाटील हे पदही आहे आणि आडनावही, निपाणीत उरलं ते आडनाव.

आपल्या घराण्याचा शोध घ्यायचा असेल तर उलटं, आजपासून मागे जावं. आधी आजची पहाणी (तिकडच्या सातबाऱ्याची इकडची बहीण), मग वतन संपल्यावर जमीन परत दिल्याचा हुकूम आणि त्यावरचा फेरफार. या हुकुमात वाटेकऱ्यांची नावं असतात, म्हणून तिथे घाई करू नये. मात्र पहाणी कानडीत असते. ‘गौडा’ कधी नावाला जोडून, कधी तोडून, कधी गाळून लिहिलेलं सापडतं, आणि एकच माणूस दोन ओळींत दोन माणसं होऊन बसतो. अशा वेळी सर्व्हे क्रमांक आणि बापाचं नाव जुळवावं, आडनाव नव्हे.

शाळेच्या दाखल्यावर मात्र फार विसंबू नये. मास्तरांनी आडनाव विचारलं आणि बापाने जाधव किंवा चव्हाण न सांगता पाटील सांगितलं, की तेच पक्कं झालं. जुनं कूळ मग लग्न जुळवताना देवकाच्या चौकशीतच बाहेर येतं. आणि घरातली म्हातारी माणसं कागदावर काहीही असो, अजून ‘गौड्रु’ म्हणूनच हाक मारतात.