‘फक्त 3 जोड शिल्लक’

कोल्हापुरात चप्पल लाईनला आमचं दुकान आहे आणि वेबसाइटवरच्या ऑर्डरी मी बघतो. एका शनिवारी पुण्याहून एक बाई मोबाईल हातात घेऊनच दुकानात आल्या. म्हणाल्या, "दादा, गेल्या महिन्यात तुमच्या साइटवर या कापशी चपलेचे फक्त 3 जोड शिल्लक होते. संपतील म्हणून बाबांच्या पायाचं माप न घेताच 8 नंबर मागवला. तो बसला नाही. आणि हे बघा, आजही 3 च आहेत."

मी त्यांच्यासमोरच पान पुन्हा उघडलं, तर 5 दिसले. परत उघडलं, 2. त्या आठ नंबरचे अकरा जोड माळ्यावर होते.

साइट करून देणाऱ्यानं ही 'फक्त इतके जोड शिल्लक'ची पट्टी बसवली होती. त्या रात्री कोड उघडला:

```
Math.floor(Math.random() * 4) + 2
```

साठ्याशी काडीचा संबंध नाही. 2 ते 5 मधला कुठलाही आकडा, दर वेळी नव्यानं. असं काही आपल्या साइटवर आहे का, हे ओळखायला कोड लागत नाही. पान दोन-तीनदा उघडायचं, मग माळ्यावर जाऊन मोजायचं. नोव्हेंबर 2023 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं फसव्या मांडणीचे 13 प्रकार ठरवून त्यांवर बंदी घातली, त्यात पहिलाच प्रकार खोट्या घाईचा आहे. मला मात्र त्या बाईंसमोर झालेली शरम जास्त लागली.

पट्टी काढली आणि आकडा खऱ्या साठ्याला जोडला, तोही नंबरवार. एकूण चाळीस जोड असून 9 नंबरचा एकच असू शकतो, आणि गिऱ्हाइकाला त्याच्या नंबराशीच मतलब. तरी आकडा चुकायचा, कारण काउंटरवर विकलेला जोड साइटवरून रात्री हिशेबाला बसल्यावरच वजा व्हायचा. शेवटी ऑनलाइनचा माल वेगळ्या फळीवर ठेवला. तिथला जोड काउंटरवर द्यायचा नाही.

मग शब्दांवरून मालकांशी वाद झाला. 'शेवटचे 2' लिहू, म्हणाले. पण कारागीर तेच जोड परत करून देणार असेल तर ते शेवटचे कसे? आता असं लिहितो: "9 नंबर: 2 जोड आहेत. पुढचे साधारण तीन आठवड्यांनी." पावसाळ्यात कातडं वाळत नाही, तेव्हा तीनाचे पाच आठवडे करतो. मालक म्हणाले, "अशानं लोक थांबतील की!" थांबतात काही जण. ज्याला लग्नाला घालायची आहे तो थांबत नाही, आणि ज्याला घाई नाही त्याला मी ढकलणार नाही.

'पुन्हा होणार नाहीत' हे एकदाच लिहिलं. एका गडद कातड्यातून चारच जोड निघाले होते, तसा रंग परत लागेलच असं कारागीर सांगत नव्हता.

त्या बाईंना कागदावर बाबांचं पाऊल आखून पाठवायला सांगितलं. 9 लागला. जोड बदलून दिला, कुरिअरचा खर्च आमचा.