घड्याळावर नेमकं काय ठेवायचं?

औषधांची आठवण करून देणाऱ्या ॲपची घड्याळातली बाजू आज मार्गी लागली. वेअर ओएसच्या डायलवर SHORT_TEXT प्रकारात जेमतेम ७ अक्षरं मिळतात. म्हणजे औषधाचं नाव बाद. पुढच्या गोळीला किती वेळ उरला, एवढंच ठेवलं.

आता "उरलेली मिनिटं" फोनने पाठवत बसायची म्हटली, तर ती शिळी होणारच, कारण डायलवरची माहिती ठरावीक अंतराने ताजी करायची सोय ५ मिनिटांच्या आत नाही. म्हणून फोन फक्त गोळीची वेळ देतो आणि TimeDifferenceComplicationText वापरलं की उलटी मोजणी घड्याळ स्वतःच करतं. ब्लूटूथ तुटलं तरी आकडा बरोबर!

खरा वाद "घेतली" या बटणावर झाला. घड्याळावर दाबलेलं फोनला कळायला उशीर झाला, तर फोन पुन्हा वाजतो आणि विसरभोळा माणूस दुसरी गोळी घेऊन मोकळा. बॅटरी वाचवण्यासाठी सिस्टिम साधा डेटा ३० मिनिटांपर्यंत अडवून ठेवू शकते. त्यामुळे या एका नोंदीला setUrgent() लावलं, बाकी कशालाच नाही.

नवं औषध जोडणं, डोस बदलणं, महिन्याचा इतिहास हे सगळं फोनवरच. टेस्टरला आलेख मनगटावर हवा होता. नाही म्हटलं. डोस बदलताना तीनदा वाचून बघावं लागतं, ते काम एवढ्याशा पडद्यावर मी तरी करू देणार नाही.

उद्या फोन बंद ठेवून तपासायचंय.